पाटीवरची ओळ
आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी नव्या पाटीसाठी ओळ आणली: 'सर्वोत्कृष्ट शिवणकाम व ग्राहकांचे संपूर्ण समाधान'. म्हटलं, काका, हीच फोन उचलताना म्हणून दाखवा. 'सर्वोत्कृष्ट'वरच जीभ अडखळली. शिवाय 'शिवणकाम' काढलं तर ती मिठाईवाल्यालाही चालली असती. मग विचारलं, गिऱ्हाईक सगळ्यात जास्त कशावरून भांडतं? 'तारखेवरून,' काका ओशाळले. लग्न उद्यावर आणि ब्लाउज अजून हुकांवाचून. ओळ तिथेच सापडली: 'माप नेमकं, तारीख पक्की'. दोन्हीकडे पाच-पाच अक्षरं, जोडाक्षर एकच. काकूंना एकदाच ऐकवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती न चुकता म्हटली. आता दिवाळीआधी नवी कापडं घेणं वेळेत थांबवावं लागणार, हे मात्र काकांना पाटी रंगवून झाल्यावर सुचलं.