संत्र्याने आजीला ‘बे’ म्हणू नये

गेल्या हिवाळ्यात आमच्यापुढे एक सहा पानी कागद आला. संत्र्याच्या गोळ्या बनवणाऱ्या एका उत्पादकासाठी वीस-वीस सेकंदांच्या सचित्र जाहिरातींची मालिका निघायची होती, आणि तिच्या नायकाचे, म्हणजे हातपाय फुटलेल्या एका संत्र्याचे, ते ‘चरित्रपत्रक’ होते. नागपुरात मराठी शिकवणारी माणसे म्हणून आम्ही त्यातली ‘वऱ्हाडी तपासून द्यावी’ एवढीच अपेक्षा होती. उत्पादकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. आमचे भांडण त्याच्याशी नाही, त्या कागदावरच्या एका चौकटीशी आहे.

अशा पत्रकाचा चित्रांचा भाग मोठ्या निगुतीने केलेला असतो. पात्र समोरून, तिरके, बाजूने आणि मागून कसे दिसते, हसताना गाल कुठवर चढतात, शेजारच्या मुलाच्या मानाने उंची किती, कोणत्या उच्चाराला ओठांचा आकार कसा, हे सारे काढून ठेवलेले असते. दहा चित्रकार दहा टेबलांवर बसले तरी संत्रे एकच राहावे, हा त्यामागचा हेतू. इतक्या काटेकोर कागदावर ‘आवाज’ या चौकटीत एकच ओळ होती: ‘जाडा, गावठी, वऱ्हाडी, विनोदी.’ खाली लकबी: पोट खाजवणे, गालात खर्रा धरल्यासारखे बोलणे. (मुलांच्या गोळीचा नायक खर्रा धरतो, हे कुणालाच खटकले नव्हते.) आणि पालुपद: ‘काहून बे, तोंड आंबट?’

पटकथेत हे पालुपद तिघांना उद्देशून होते: शाळकरी मित्राला, दुकानदाराला आणि आजीला. मित्रापुरते ते बिनचूक आहे. पण ‘बे’ हा बरोबरीच्या किंवा लहान पुरुषाला लावायचा शब्द आहे. परक्या, वडीलधाऱ्या दुकानदाराला तो लावला तर भांडण होईल, आणि आजीला तर तो व्याकरणानेच लागत नाही. बाईमाणसाला आपुलकीने ‘वं’ म्हणतात, मान द्यायचा तर ‘जी’ येतो. हे तीन शब्द तीन नाती आहेत. कोण कोणाशी कसा वागतो हे इकडच्या बोलीत वाक्याच्या शेपटीशी कळते, आणि पत्रकाने नेमकी ती शेपटी कापून तिचा एक ठोकळा केला होता.

पुढे आणखी गंमत होती. लेखकाला कोणीतरी सांगितले असावे की वऱ्हाडीत ‘मला’चे ‘मले’ होते. त्याने सरसकट ‘ला’चा ‘ले’ केला. त्यामुळे ‘तुले’, ‘आजीले’ हे बरोबर आले आणि त्याच झपाट्यात ‘तो झाडावरून पडला’चे ‘तो झाडावरून पडले’ झाले. विभक्तीचा ‘ला’ आणि भूतकाळाचा ‘ला’ यांतला भेद शाळेत न गेलेले पोट्टेही बोलताना चुकत नाही. तो न पाळणारा माणूस बोलीची नक्कल करत नसतो. ती ज्याला येत नाही अशा माणसाच्या कानाची नक्कल करत असतो.

असे का होते, याचे उत्तर केवळ अज्ञान हे नाही. सचित्रपटात आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि त्याच्या मापाने ओठ हलवतात. दूरचित्रवाणीच्या हिशेबाने सेकंदाला पंचवीस चौकटी, म्हणजे वीस सेकंदांत पाचशे. आमच्या बोलीचा खरा कणा ‘काय करून राहिला?’ या रचनेत आहे. ‘काय करतोस?’पेक्षा ती म्हणायला, आम्ही घड्याळ लावून पाहिले, सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो. म्हणजे बारा-तेरा चौकटी. तेवढी जागा विकत घ्यायला कोणी तयार नसते. मग वाक्य प्रमाण मराठीचे ठेवायचे आणि त्याला ‘बे’ चिकटवायचा. त्याला पाव सेकंदही लागत नाही. त्यात या मालिकेचे ओठ हिंदी संवादांवर बेतलेले होते आणि मराठी आवाज मागाहून चढवायचा होता. हिंदीत जिथे ‘भाई’साठी ओठ मिटतात, तिथे मराठीतही ओठ मिटणारे अक्षर हवे. ‘बे’ तिथे आयता बसतो. ‘जी’ बसत नाही, कारण ‘जी’ला ओठ मिटतच नाहीत. आजीचा अपमान असा आधीच काढलेल्या ओठांतून ठरून येतो.

यावर कोणी म्हणेल, मग बोलूच नये. तशी उदाहरणे आहेत. 1946 साली जन्मलेला एअर इंडियाचा महाराजा आणि 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला एशियन पेंट्सचा गट्टू छापील चित्रांतच जगले. बोलीचा प्रश्नच आला नाही. 2009 साली आयपीएलच्या वेळी व्होडाफोनचे पांढरे झूझू आले (ती सचित्रे नव्हती, पोशाख चढवलेली माणसे होती), तेव्हा त्यांना मुद्दामच कुठलीच भाषा दिली नाही. त्यामुळे ते देशभर सारखेच चालले. हा मार्ग आम्हांला अप्रामाणिक वाटत नाही. पण ज्याला वऱ्हाडीचा रंग हवाच आहे, त्याने वऱ्हाडीचे नियमही घ्यावेत.

आमच्या साहित्याने ते केव्हाच घेतले आहेत. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (1960) कौतिक वऱ्हाडी बोलते ती हसवण्यासाठी नव्हे, तिची सारी होरपळ त्याच बोलीत आहे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (1985) एकाच घरातली माणसे बोलतात, आणि कोण गावात राहिले, कोण मुंबईला गेले हे बोलण्यावरून कळते. एक बोली म्हणजे एक आवाज नव्हे, हे तिथे दिसते.

तरी आम्हांला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट वेगळीच आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून संत्र्याच्या तोंडी ‘डोये’, ‘काया’ हे सगळे हौसेने घातले होते. पण त्याच न्यायाने ‘गोळी’ची ‘गोयी’ व्हायला हवी होती. ती मात्र कुठेच झाली नव्हती. शेवटच्या तीन सेकंदांत, पुडा दिसताना, संत्रे गप्प होते आणि एक गंभीर, स्वच्छ, पुणेरी वळणाचा आवाज ‘गोळी’ म्हणतो. म्हणजे हसण्याच्या जागी एक बोली आणि विश्वास ठेवण्याच्या जागी दुसरी. नागपूर शहरातली बोली निव्वळ वऱ्हाडी नाही, तिच्यात हिंदी पुष्कळ आहे, आणि शिकलेली माणसे इथे ‘ळ’ स्पष्ट उच्चारतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण पत्रकाने ही निवड शहर ऐकून केलेली नव्हती. विदूषकाची भाषा आणि मालाची भाषा वेगळी असावी, हे त्यात गृहीतच होते.

आम्ही पत्रक दुरुस्त करून पाठवले. ‘आवाज’ची चौकट वाढवून तिथे लिहिले: मित्राला ‘काहून बे’, आजीला ‘काहून वं माय’, दुकानदाराला ‘काहून जी’, प्रत्येक भागात एक तरी पूर्ण ‘करून राहिला’, आणि पुड्याचे नाव संत्र्यानेच घ्यावे, त्याच्याच उच्चारात. तीन शब्दांसाठी ओठांची मोजकीच नवी चित्रे लागली असती.

पत्रक आठवड्याने परत आले. ‘पडले’चे ‘पडला’ झाले होते आणि खर्रा काढला होता. पालुपद एकच असावे लागते, असा शेरा मारून ‘वं’ आणि ‘जी’वर काट मारली होती, आणि आजीच्या चित्राखाली पुन्हा ‘बे’ लिहिलेले होते.