डबा घ्यायचा की पीसी?

धरणगावहून रोज रेल्वेने जळगावला कॉलेजला जायचं, तर लॅपटॉप पातळ आणि हलकाच हवा. पण संध्याकाळी घरी येऊन ब्लेंडरमध्ये सीन रेंडर करायला लावला की तोच लॅपटॉप तव्यासारखा तापतो. मग इंटरनेटवर एक मोहक उपाय दिसतो : एक्स्टर्नल ग्राफिक्स डबा, म्हणजे ईजीपीयू. डब्यात डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड बसवा, थंडरबोल्टची एक केबल लॅपटॉपला जोडा, झालं! सप्टेंबर २०२३मध्ये इंटेलने थंडरबोल्ट ५ जाहीर केलं, तेव्हापासून या डब्यांची चर्चा पुन्हा वाढली आहे. पण पैसे मोजण्याआधी त्या केबलचं गणित बघा.

तुमच्याकडे बहुधा थंडरबोल्ट ३ किंवा ४ असेल. त्याचा वेग ४० गिगाबिट, असं बॉक्सवर लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात त्यातले साधारण २२ गिगाबिट येतात, म्हणजे सेकंदाला पावणेतीन जीबी. तेच कार्ड डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बसलं, तर त्याला याच्या कितीतरी पट रुंद रस्ता मिळतो. आता प्रश्न एवढाच की तुमच्या कामाला रुंद रस्ता लागतो का?

ब्लेंडरचंच घ्या. सीन आणि टेक्श्चर मिळून ६ जीबी आहेत, असं समजू. ते केबलमधून कार्डाच्या मेमरीत जायला दोन-तीन सेकंद लागतील. त्यानंतर वीस मिनिटं कार्ड स्वतःशीच हिशेब करत बसतं, केबल जवळपास रिकामीच असते. इथे डबा डेस्कटॉपच्या जवळपास पोहोचतो. अट एकच, सीन कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे. नाही मावला तर डेटा सारखा ये-जा करतो आणि सगळा फायदा केबलमध्येच अडकतो.

गेमचं मात्र उलट आहे. सेकंदाला १०० फ्रेम हव्या, तर एका फ्रेमला मिळतात फक्त १० मिलिसेकंद, आणि प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आणि कार्डाचं बोलणं केबलवरूनच. त्यात तुम्ही लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळत असाल, तर तयार झालेलं चित्र त्याच केबलने परत आणावं लागतं. फुल एचडीची एक फ्रेम साधारण ८ एमबीची, म्हणजे परतीच्या प्रवासालाच तीन मिलिसेकंद! म्हणून डबा घ्यायचाच असेल तर मॉनिटर थेट कार्डाला जोडायचा. म्हणजे आणखी एक खर्च आलाच.

आता खिशाकडे वळू. दर रोज बदलतात, म्हणून गोल आकडे धरू : कार्ड ३० हजार, पॉवर सप्लायसह डबा ३० हजार. कार्ड दोन्हीकडे लागणारच आहे, त्यामुळे खरी तुलना डब्याच्या ३० हजारांची. त्यात दहा-पंधरा हजारांची भर घातली तर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट असा अख्खा साधा पीसी उभा राहतो. त्याचा प्रोसेसरही पातळ लॅपटॉपपेक्षा जास्त वेळ दम धरतो. रेंडर तिकडे चालू ठेवा आणि लॅपटॉपवर असाइनमेंट लिहा. उद्या पीसी बदलला तरी कार्ड नव्यात जाईल. डबा विकायला काढलात तर जळगावात गिऱ्हाईक शोधत फिराल.

माझ्या मते डबा घेण्यात अर्थ आहे तो एकाच प्रकारच्या माणसाला. त्याच्याकडे थंडरबोल्टचा चांगला लॅपटॉप आधीच आहे, काम रेंडरिंगसारखं आहे, आणि सगळ्या फायली व सॉफ्टवेअर एकाच मशीनवर ठेवणं त्याला गरजेचं आहे. बाकीच्यांनी पीसीच बघावा, भाऊ.

तरीही डबाच हवा असेल तर आधी पोर्ट तपासा. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे थंडरबोल्ट आहे असं नाही. पोर्टशेजारी विजेची खूण शोधा आणि कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलची माहिती वाचा. स्वस्त लॅपटॉपमध्ये ही सोय सहसा नसते. यूएसबी४ असेल तर ग्राफिक्स कार्ड चालतं का, तेही वेगळं विचारा. एम१ आणि त्यापुढच्या चिपचा मॅकबुक असेल तर हा विषय इथेच संपवा, कारण ॲपलने त्यात ईजीपीयूला सपोर्टच दिलेला नाही. थंडरबोल्ट ५चा डबा जुन्या लॅपटॉपला जोडला तरी वेग जुनाच मिळतो, हेही ध्यानात ठेवा.

आणि लाइटचं काय? लॅपटॉपला बॅटरी आहे, डब्याला नाही. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण ग्राफिक्स कार्ड मधूनच गायब होतं. चालू रेंडर तिथेच मरतं, कधी विंडोजही गोठतं. पीसीलाही यूपीएस लागतोच, पण डबा घेणारे बरेच जण 'आपला तर लॅपटॉप आहे' म्हणून तो हिशेबात धरतच नाहीत. डबा आणि कार्ड मिळून किती वॅट खातात ते बघून यूपीएस घ्या, आणि रेंडर एकाच व्हिडिओ फाइलमध्ये न काढता एकेक फ्रेम वेगळी सेव्ह करा. लाइट आली की थांबलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं.