इतिवृत्तात आपलं तोंड कुठाय?

दोस्तांनो, मी चिखल्याचा. बोईसरला गिरणीत मागावर उभा राहतो. तागा तपासताना तिथं दोष सापडला की माग कुठला, पाळी कुठली, तागा कितवा, सगळं लिहून ठेवतात. सुताच्या एका तुटक्या धाग्याला एवढी इज्जत. आणि माणूस बोलला तर?

वाढवण बंदराची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ ला झाली. वाढवणला नाही, पालघरला. १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी. आता मासळी विकून पोट भरणाऱ्या बाईनं दिवसाची कमाई बुडवायची, भाडं खर्चून जिल्ह्याच्या गावाला जायचं, आणि मग तिथं म्हणायचं की माझा किनारा जातोय.

पण मला आज भांडायचंय ते त्यानंतरच्या कागदाशी. इतिवृत्ताशी.

समजा, आमच्या गावची एखादी मावशी उठली. म्हणाली, "साहेब, होडी माझी नाय. मी दुसऱ्याचे बोंबील सुकवते, मजुरीवर. माझं नाव कुठल्या यादीत येणार? समुद्र भरला तर मला कोण देणार, किती देणार, कधीपासून देणार?" हे चार प्रश्न झाले. कागदावर येतं: "मासेमारीवर परिणाम होईल." शेजारच्या रकान्यात उत्तर: "बाधितांना धोरणानुसार भरपाई देण्यात येईल." रकाना भरला. चारातल्या एकाचंही उत्तर नाही, कारण प्रश्नच लिहिले नाहीत. प्रश्न लहान केला की उत्तर आपोआप मोठं दिसतं.

आणि चलाखी बघा. "मच्छीमार" म्हटलं की होडीवाला डोळ्यापुढं येतो, त्याच्याकडं नोंदणीचा कागद असतो. सुकवणारी, टोपली वाहणारी, खलाशी म्हणून जाणारा वारली, गावकुसाबाहेरचा रोजंदार, यांच्याकडं कागद नाही. ज्याची नोंद नाही त्याचं नुकसानही नाही. हे गणित आपल्याला नवं आहे काय?

कायदा काय म्हणतो तेही ऐका. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्याचा वरिष्ठ प्रतिनिधी बसतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ टिपण करतं, चित्रीकरण होतं. कोरम लागत नाही. हजर असलेल्या प्रत्येकाला विचारायची मुभा असते. शेवटी टिपणाचा गोषवारा लोकांच्या भाषेत, लोकांसमोर वाचून दाखवायचा, आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची. हरकती आणि कंपनीची उत्तरं यांचं वेगळं निवेदन जोडायचं. मग हा कागद पंचायतीत, जिल्हा परिषदेत, जिल्हाधिकारी कचेरीत लावायचा.

पण मतदान नाही. हजार जण "नको" म्हणाले तरी ती संमती नाकारली असं होत नाही. "हरकतींची दखल घेतली" एवढ्यावर भागतं. वाढवणला सुनावणीनंतर पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पर्यावरण मंजुरी मिळाली. हाच डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. याच वाढवणचं बंदर १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये होकार दिला. समुद्र तोच, कागद बदलला.

म्हणून कोण म्हणेल, सुनावणीला जाऊच नका. मला हे पटत नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढं बाबासाहेबांनी लेखी निवेदनही दिलं आणि तोंडी साक्षही दिली. निव्वळ बोलून ते थांबले नाहीत. ते लेखी राहिलं म्हणून आज आपण वाचतो.

तर जायचं, पण असं. हरकत आधी लिहून द्यायची, मुद्द्यांना आकडे घालायचे, पोच घ्यायची. बोलताना नाव, गाव, धंदा सांगून एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. गोषवारा वाचेपर्यंत जागा सोडायची नाही. लोक दमून निघून जातात आणि नेमकं तेव्हाच वाचन उरकतं. आपला प्रश्न गाळला असेल तर तिथंच उभं राहून सांगायचं. नंतर पंचायतीतली प्रत आणि चित्रीकरण ताडून बघायचं, फरक दिसला की मंजुरी देणाऱ्या खात्याला लेखी कळवायचं. तशी मुभा अधिसूचनेतच आहे. मंजुरी निघाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, त्यापुढं दार बंद.

यानं बंदर थांबेल असं मी म्हणत नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झालीसुद्धा. पण "कुणी विचारलंच नव्हतं" असं उद्या त्यांना म्हणता येऊ नये. मावशीचे चारही प्रश्न तिच्याच शब्दांत कागदावर पाहिजेत. तुटल्या धाग्याची नोंद ठेवता ना? मग तुटल्या माणसाचीही ठेवा.