हुद्द्यांचीं नांवें व भाषांतरांतील बेबंदशाही

अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांचीं व सरकारी खात्यांचीं नांवें मराठींत कशीं लिहावीं, हा वाद आमच्याकडे जुना आहे. आणि जुन्या वादांचें जें होतें तेंच त्याचेंही झालें आहे. दोन पक्ष आपापल्या जागीं घट्ट बसले आहेत. एक पक्ष म्हणतो, परका शब्द दिसला कीं संस्कृत धातूंची फौज पाठवून त्यास हद्दपार करावें. दुसरा म्हणतो, लोक 'कलेक्टर' म्हणतात तर आपणही 'कलेक्टर'च लिहावें. 'जिल्हाधिकारी' हें सोंग हवें कशाला? आम्हांस हे दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात. इतकेंच नव्हे, तर दोघांची चूक एकच आहे असें वाटतें. दोघेही शब्दाच्या कुळाची चौकशी करितात. तो शब्द ज्या पदावर बसवावयाचा त्या पदाची चौकशी कोणीच करीत नाहीं.

पदनाम हें पत्त्यासारखें असतें. तें वाचून वाचकास एकच अधिकारी सांपडला पाहिजे. दोन सांपडतील तर पत्ता चुकला, आणि एकही सांपडणार नाहीं तर पत्ता लिहिलाच नाहीं असें समजावें. तो शब्द संस्कृत आहे, फारसी आहे कीं इंग्रजी आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

ही गोष्ट आमच्या पूर्वजांस कळत होती. १६७४ सालच्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनीं अष्टप्रधानांस संस्कृत नांवें दिलीं व रघुनाथपंत हणमंत्यांकडून 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करविला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. या उद्योगाचा भाषाशुद्धीचा आरंभ म्हणून गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु त्यांतील दुसरें तत्त्व आम्ही विसरतों. तेथें एकेक सुटा शब्द बदलला नाहीं. प्रधानांची सबंध ओळ एकदम ठरविली, प्रत्येकाचें काम ठरविलें, आणि मग नांव दिलें. म्हणून सचिव कोण व मंत्री कोण, याविषयीं दरबारांत घोटाळा होण्याचें कारण उरलें नाहीं. उलट पेशवा हा शब्द पुढें शंभर वर्षें लोकांच्या तोंडीं राहिला, आणि पेशव्यांच्या शिक्क्यावर मात्र 'मुख्य प्रधान' हेंच होतें. शिक्क्याचा शब्द वेगळा व बोलण्याचा वेगळा असूनही राज्य अडलें नाहीं. कारण दोन्ही शब्द एकाच पुरुषाकडे बोट दाखवीत होते. घोटाळा दोन शब्दांनीं होत नाहीं. एका शब्दाखालीं दोन पुरुष उभे केले म्हणजे होतो.

आजचा घोटाळा नेमका या दुसऱ्या जातीचा आहे. त्याचें पहिलें उदाहरण आम्ही ज्या विद्यापीठांच्या छायेंत आयुष्य घालविलें तेथूनच घेतों. महाराष्ट्रांतील सार्वजनिक विद्यापीठांचा कुलपति म्हणजे राज्यपाल, आणि विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा तो कुलगुरु. हिंदींत याच दोन पदांस वर्षानुवर्षें अनुक्रमें 'कुलाधिपति' व 'कुलपति' म्हणत आले आहेत. म्हणजे 'कुलपति' हें एकच अक्षरचिन्ह मराठींत वरच्या पदाचें व हिंदींत खालच्या पदाचें नांव आहे. आतां समजा, हिंदी भाषिक प्रांतांतील एखाद्या विद्यापीठाच्या 'कुलपतीं'नीं राजीनामा दिल्याची हिंदी बातमी आली, आणि आमच्या उपसंपादकानें तो शब्द जसाच्या तसा मराठी मजकुरांत उतरविला. मराठी वाचकानें काय समजावें? राज्यपालांनीं पद सोडलें! बातमींत एकही अक्षर बदललेलें नाहीं, आणि अर्थ मात्र विद्यापीठाच्या कचेरींतून उडून राजभवनावर जाऊन बसला.

इंग्रजी शब्द मराठींत आला म्हणजे तो परका आहे हें त्याच्या तोंडावर दिसतें, आणि दक्ष लेखक थबकतो. हिंदी शब्द आमच्याच लिपींत, आमच्याच संस्कृत वेषांत येतो; म्हणून आपण लिप्यंतर करीत आहों याची लेखकास जाणीवच राहत नाहीं. 'शिक्षा' हा शब्द पाहा. दिल्लीच्या ज्या खात्याचें नांव २०२० सालीं हिंदींत 'शिक्षा मंत्रालय' झालें, तें मराठींत 'शिक्षण मंत्रालय'च लिहिलें पाहिजे. कारण शिक्षा आमच्याकडे गुन्हेगारास होते. तरीही 'सर्व शिक्षा अभियान' हें नांव महाराष्ट्राच्या शाळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षें झळकलें, आणि सर्वांस शिक्षा करण्याची ही मोहीम कोणासही खटकली नाहीं. विदेशी वेषांतल्या पाहुण्यास देवडीवर अडविणारे आमचे भाषाशुद्धिवादी या घरच्या वेषांतल्या पाहुण्यास एक शब्दही विचारीत नाहींत, ही आमची मुख्य तक्रार आहे.

दुसरें उदाहरण आमच्या स्वतःच्या सरकारचें आहे, आणि तेथें दोष देण्यास हिंदीही नाहीं. 'विभाग' हा शब्द घ्या. मंत्रालयांतील ज्या खात्याचा प्रमुख सचिव असतो तें खातें म्हणजे 'सार्वजनिक बांधकाम विभाग'. त्याच खात्याच्या क्षेत्रीय रचनेंत मुख्य अभियंत्याच्या हाताखालीं अधीक्षक अभियंत्याचें 'मंडळ' असतें, मंडळाखालीं कार्यकारी अभियंत्याचा 'विभाग' असतो, आणि त्याखालीं 'उपविभाग'. शिवाय महसुलाच्या सोयीसाठीं राज्याचे जे सहा भाग पाडले आहेत, त्यांचेंही नांव 'विभाग'च, आणि त्यांवरील अधिकारी 'विभागीय आयुक्त'. इंग्रजींत पहिल्यास एक शब्द आहे व पुढील दोहोंस दुसरा. आम्ही तिन्हींस एकाच दोरीनें बांधलें.

याचा परिणाम पाहावयाचा असेल तर एक साधें वाक्य घ्यावें: 'सदर पुलाच्या दुरुस्तीस विभागानें मंजुरी दिली.' ही मंजुरी कोणाची? सचिवाच्या खात्याची, कीं कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीची? पहिली असेल तर पुलाचें काम सरकारच्या पातळीवर मान्य झालें. दुसरी असेल तर एका अभियंत्यानें आपल्या अधिकाराच्या मर्यादेंत कागदावर सही केली. दोहोंच्या अधिकारांत व दोहोंस मंजूर करतां येणाऱ्या रकमांत जमीनअस्मानाचें अंतर. माहिती मागणाऱ्या नागरिकानें अर्ज कोठें करावा, हेंही त्या वाक्यावरून कळत नाहीं. आणि याची गरज काय होती? 'खातें' हा शब्द मराठींत पिढ्यान् पिढ्या रुळलेला आहे. लोक आजही 'बांधकाम खातें', 'पाटबंधारे खातें'च म्हणतात. खातें, मंडळ, विभाग, उपविभाग अशी उतरंड लाविली असती तर प्रत्येक मडकें आपापल्या जागीं बसलें असतें. 'खातें' हा शब्द पुरेसा भारदस्त नाहीं असें कोणा पंडितास वाटलें असावें. त्या भारदस्तपणाची किंमत अर्जदार देत आहे.

तिसरें उदाहरण परदेशचें. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा प्रमुख 'सेक्रेटरी' म्हणविला जातो, म्हणून आमचीं कांहीं वृत्तपत्रें त्यास 'परराष्ट्र सचिव' लिहितात. परंतु आमच्या दिल्लींतील परराष्ट्र सचिव हा परराष्ट्र सेवेंतील नोकरशहा आहे. तो मंत्र्याच्या हाताखालीं काम करितो. अमेरिकेचा हा गृहस्थ अध्यक्षाच्या मंत्रिमंडळांत बसतो. त्यास परराष्ट्रमंत्री म्हणणें हेंच खरें भाषांतर. ब्रिटनचें पाहिलें तर ही चूक आणखी एक पिल्लू घालते. तेथील 'सेक्रेटरी' म्हणजे मंत्री. आणि खात्याचा सर्वांत वरिष्ठ नोकर म्हणजे 'पर्मनंट अंडर-सेक्रेटरी'. शब्दाला शब्द ठेवणारा भाषांतरकार त्यास 'कायम अवर सचिव' म्हणणार. पण मुंबईच्या मंत्रालयांत अवर सचिव हा सचिव, सहसचिव व उपसचिव यांच्याही खालचा! खात्याच्या शिखरावरचा माणूस असा एका लेखणीच्या फटकाऱ्यानें जिन्याच्या पायथ्याशीं येतो. आमचे जुने संपादक या बाबतींत अधिक शहाणे होते. लंडनमध्यें बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या त्याच जातीच्या 'सेक्रेटरी'स त्यांनीं 'भारतमंत्री' म्हटलें, आणि १९१७ सालीं माँटेग्यूसाहेब कोण आहेत हें खेड्यांतल्या वाचकासही समजलें.

मग लिप्यंतर कधींच करूं नये काय? करावें, पण जेथें पदास आमच्याकडे जोडच नाहीं तेथें. मुंबईच्या 'शेरिफ'चें मराठी नांव 'नगरपाल'. तें पद केवळ मानाचें. अमेरिकेंतील परगण्याचा शेरिफ बहुतेक ठिकाणीं लोकांनीं निवडलेला पोलीस अधिकारी असतो. तो आरोपीस पकडतो व तुरुंगही सांभाळतो. त्यास नगरपाल म्हटलें तर वाचकाच्या डोळ्यांपुढें सभारंभांत हार घालणारा प्रतिष्ठित नागरिक उभा राहील. तेथें 'शेरिफ' असेंच लिहावें व पहिल्या वेळीं अर्ध्या वाक्यांत त्याचें काम सांगावें.

एवढ्यावरून आमचा नियम उघड होतो. ज्या पदास कायद्याच्या मराठी पाठांत नांव आहे, त्याचें तेंच नांव लिहावें. तें आपल्या आवडीचें नसलें तरी मोडूं नये, बदलून घेण्यासाठीं भांडावें. ज्यास असें नांव नाहीं, त्याचें काम पाहून भाषांतर करावें. कामच अपरिचित असेल तर लिप्यंतर करावें. आणि कोणताही मार्ग घेतला तरी शेजारच्या पदांची सबंध ओळ पुढें ठेवून एकदांच निर्णय करावा, म्हणजे एकाचें नांव दुसऱ्याच्या अंगावर जात नाहीं. परीक्षा सोपी आहे: आपण लिहिलेलें मराठी नांव मूळ मजकूर न पाहिलेल्या जाणत्या माणसापुढें ठेवावें व हा कोण, असें विचारावें. त्यानें दोन उत्तरें दिलीं कीं आपलें नांव नापास.

आमच्यावर आक्षेप येईल कीं कायद्याचीं नांवें बोजड असतात व लोक तीं बोलत नाहींत. १९६० सालीं भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर जो पदनाम कोश निघाला, त्यास 'बदनाम कोश' म्हणून हिणविलें गेलेंच होतें. कांहीं शब्दांच्या बाबतींत तो उपहास रास्तही असेल. परंतु आयुक्त, संचालक, अधीक्षक हे शब्द आज कोणाच्या जिभेस टोंचतात? ते रुळले, कारण प्रत्येकाचा रोख ठरलेला होता व तो दररोज त्याच रोखानें वापरला गेला. बोलतांना खुशाल 'कलेक्टरसाहेब' म्हणावें. कथेंतल्या शेतकऱ्याच्या तोंडीं तर तेंच शोभेल. पेशव्यांच्या काळींही असें दुहेरी चालत होतेंच. पण जो कागद पुराव्यास लागणार, ज्या बातमीवर नागरिक अर्ज घेऊन निघणार, त्यांत शिक्क्याचें नांवच पाहिजे.

संस्कृत कीं इंग्रजी, या भांडणांत आमच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. तेवढ्या वेळांत 'विभाग' म्हणजे कोण, हें जरी कोणी ठरविलें असतें, तरी पुष्कळ अर्ज योग्य टेबलावर जाऊन पोंचले असते.