प्राथमिक चौकशीचा कागद आणि वनरक्षकाची नोकरी

चंद्रपूर आणि 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वनखात्याचा सारा डोलारा ज्यांच्या खांद्यावर उभा आहे, त्या वनरक्षकांची आणि वनपालांची एक जुनी तक्रार अशी की, आमच्या नियतक्षेत्राची तपासणी आमच्या पाठीमागे होते, गावकऱ्यांच्या जबान्या आमच्या पाठीमागे घेतल्या जातात, आणि पुढे त्याच कागदांवरून आमच्या पगारातून वसुली होते किंवा आम्ही बडतर्फ होतो. या तक्रारीचा पूर्वार्ध कायद्याच्या कसोटीस उतरत नाही. उत्तरार्ध मात्र पुरेपूर उतरतो. या दोहोंची गल्लत केल्यामुळे कर्मचारी भलत्याच मुद्द्यावर भांडतात आणि हरतात, आणि अधिकारी त्यांच्या हरण्याला आपल्या कामाच्या बिनचूकपणाचा दाखला समजतात.

पूर्वार्धाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1963 च्या ऑक्टोबरातच लावून ठेवला आहे. मुंबईच्या टेक्स्टाइल कमिशनरच्या कचेरीतील चंपकलाल चिमणलाल शहा या तात्पुरत्या नोकरीतील अधिकाऱ्याच्या मामल्यात न्यायालयाने सांगितले की, विभागीय चौकशी करण्याजोगे काही सकृद्दर्शनी हाती आहे की नाही, एवढ्यापुरती सरकारची खात्री पटावी म्हणून प्राथमिक चौकशी असते. ती एकतर्फीही होऊ शकते. न्यायबुद्धीने त्या वेळीच कर्मचाऱ्याचा खुलासा घेण्याचा शिरस्ता असला, तरी त्या टप्प्यावर आपले म्हणणे ऐकून घेतले जावे असा हक्क त्याला नाही. मोठी शिक्षा देण्याच्या हेतूने रीतसर विभागीय चौकशी करण्याचे सरकार ठरवते, तेव्हा संविधानाच्या 311 व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्याला मिळते. महाराष्ट्रातल्याच नारायण दत्तात्रय रामतीर्थकर यांच्या 1997 साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात हेच सूत्र दुसऱ्या बाजूने मांडले गेले: रीतसर चौकशी पूर्ण झाली की प्राथमिक चौकशीचे महत्त्व संपते, म्हणून तिच्यातील उणिवेवर बोट ठेवून अंतिम शिक्षा उलथता येत नाही.

जंगलाच्या दृष्टीनेही हा नियम योग्यच आहे. नियतक्षेत्रात अवैध वृक्षतोड झाल्याची कुणकुण लागल्यावर फिरते पथक जर आधी नोटीस देऊन, तारीख ठरवून, संबंधित वनरक्षकास बरोबर घेऊनच थुटे मोजू लागले, तर तोपर्यंत थुटे जाळली किंवा खणून काढली जाण्याची भीती असते. निर्दोष कर्मचाऱ्याच्या हिताचेही यात काही आहे. तक्रार पोकळ ठरली तर प्राथमिक चौकशीतच ती गुपचूप निकालात निघते आणि त्याच्या सेवापुस्तकाला डाग लागत नाही. के. व्ही. जानकीरामन यांच्या 1991 च्या निवाड्यानुसार बढती रोखण्यास नुसती प्राथमिक चौकशी चालू असणे पुरत नाही. दोषारोपपत्र बजावले गेलेले असावे लागते. महाराष्ट्राच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतील 27 व्या नियमातही विभागीय कारवाईचा प्रारंभ दोषारोपपत्राच्या तारखेपासून, किंवा त्याआधी निलंबन झाले असल्यास निलंबनाच्या तारखेपासून, धरलेला आहे.

तेव्हा रेषा दोषारोपपत्रावर आहे, आणि ती तेथेच असावी. आमचे सांगणे आहे ते रेषेच्या अलीकडचा कागद पलीकडे कसा जातो याविषयी. तो मार्ग समजण्यासाठी एक कल्पित पण खात्यातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल असा मामला घेऊ.

समजा, आलापल्लीच्या बाजूच्या एका नियतक्षेत्राचा प्रभार एका वनरक्षकाने जून महिन्यात घेतला. डिसेंबरात निनावी अर्ज आला. पथक गेले, दोन कक्षांत सागाची 40 थुटे मोजली, गोलाई टिपली, त्यावरून मालाचे घनमान व नुकसानीची रक्कम काढली, पंचनामा केला आणि जवळच्या पाड्यावरील दोघांच्या जबान्या घेतल्या. वनरक्षकाला कचेरीत बोलावून त्याच्याकडून एक खुलासा लिहून घेतला. येथवर बेकायदा असे काही घडलेले नाही. मग 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांतील नियम 8 अन्वये दोषारोपपत्र निघाले. त्यासोबत दोषारोपांचे विवरण, त्यांना आधारभूत गैरवर्तणुकीचा तपशील, दस्तऐवजांची यादी आणि साक्षीदारांची यादी अशी चार जोडपत्रे असतात. तिसऱ्या जोडपत्रात पंचनामा, मोजणीचे तक्ते आणि प्राथमिक चौकशीचा अहवाल नमूद आहे. चौथ्यात नाव आहे फक्त त्या अहवालावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे, जो मोजणीच्या दिवशी जंगलात नव्हता. पाड्यावरचे दोघे यादीत नाहीत, थुटे मोजणारे वनपालही नाहीत. चौकशी अधिकाऱ्यापुढे तो एकटा अधिकारी येतो, अहवालावरील सही आपली असल्याचे सांगतो आणि जातो. निष्कर्षात लिहिले जाते की, प्राथमिक चौकशी अहवालावरून दोषारोप सिद्ध होतो.

या चौकशीत सारे सोपस्कार झाले आणि पुरावा मात्र काहीच झाला नाही. मोजणी करणारा वनपाल समोर उभा असता तर वनरक्षकाच्या बचाव सहायकाने त्याला काय विचारले असते, ते पाहा. साग तोडला की थुटाला फुटवे येतात, आणि त्या फुटव्यांच्या वाढीवरून तोड या पावसाळ्यानंतरची की मागच्या वर्षाची हे जाणत्याला सांगता येते. तक्त्यात फुटव्यांची नोंद का नाही? ज्या थुटांबाबत आधीच वनगुन्हा नोंदला गेला, त्यांवर हातोड्याची निशाणी असते. 40 पैकी अशी किती होती? जूनच्या प्रभार यादीत त्या कक्षांतील किती जुनी थुटे दाखवली होती? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत 40 चा आकडा टिकेल, किंवा निम्म्यावर येईल, किंवा प्रभार देणाऱ्या आधीच्या वनरक्षकाकडे बोट जाईल. काय होईल हे उलटतपासणीपूर्वी कोणालाही ठाऊक नसते, आणि म्हणूनच उलटतपासणी हवी.

कायदा येथे संदिग्ध नाही. शिवबसप्पा यांच्या 1963 साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्यातच सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या जबानीला पुढच्या चौकशीत प्रवेश देण्याची वाट आखून दिली: साक्षीदार स्वतः हजर व्हावा, त्याची आधीची जबानी त्याला वाचून दाखवावी, तो ती कबूल करील तर तिची प्रत कर्मचाऱ्याला द्यावी आणि त्याला उलटतपासणीची पूर्ण मोकळीक असावी. सगळे पुन्हा शब्दशः लिहून घेण्याची सक्ती नाही. पण माणूस समोर आला पाहिजे. ज्या जबानीला असा माणूस पाठीशी नाही, ती रीतसर चौकशीत पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे गुजरातेतील न्यायिक अधिकारी निर्मला झाला यांच्या 2013 च्या निवाड्यात स्पष्ट झाले. प्रतींचा प्रश्नही असाच मिटलेला आहे. काशिनाथ दीक्षित या पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध 38 साक्षीदार आणि 112 दस्तऐवज होते आणि प्रती नाकारल्या गेल्या. 1986 साली न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द ठरवली. पुढे 1998 मध्ये उत्तर प्रदेशातील शत्रुघ्न लाल या लेखपालाला, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याला, हाच न्याय लागू झाला.

वनाधिकाऱ्यांना हे तत्त्व परके वाटण्याचे तर काहीच कारण नाही. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या 72 व्या कलमान्वये राज्य सरकार त्यांना वनगुन्ह्याची चौकशी करून पुरावा नोंदवण्याचा अधिकार देऊ शकते, आणि त्याच कलमात अशी अट आहे की, हा पुरावा पुढे दंडाधिकाऱ्यासमोर ग्राह्य धरला जाईल, पण तो आरोपीच्या समक्ष घेतलेला असला तरच. लाकूड चोरणाऱ्या परक्या माणसाला जे खाते हे संरक्षण नित्य देते, त्याने त्याच जंगलात रात्रंदिवस फिरणाऱ्या आपल्या नोकराला त्याहून कमी द्यावे, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

गडचिरोलीत या गोष्टीला आणखी एक धार आहे. भामरागड किंवा एटापल्लीच्या पाड्यावरचा साक्षीदार माडियात बोलतो आणि त्याची जबानी मराठीत उतरते. ‘वनरक्षक आला होता’ आणि ‘वनरक्षक तोडीच्या वेळी हजर होता’ यांतले अंतर त्या उतरण्यात पुसले जाऊ शकते, आणि खाली अंगठा असल्यामुळे कागद निर्दोष दिसतो. असा साक्षीदार जिल्ह्याच्या ठिकाणी येण्याची दगदग सोसत नाही, कधी भीतीपोटीही येत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावर उपाय आहे तो चौकशी अधिकाऱ्याने तालुक्याच्या ठिकाणी बैठक घ्यावी आणि दोन्ही भाषा जाणणारा त्रयस्थ दुभाषा ठेवावा, असा. साक्षीदाराची अडचण झाली म्हणून त्याची किंमत कर्मचाऱ्याने आपल्या नोकरीने चुकवावी, असा कोणताही नियम नाही.

वसुलीबद्दलही सांगितले पाहिजे, कारण वनरक्षकाच्या वाट्याला बडतर्फीपेक्षा वसुलीची शिक्षा येण्याचा संभव अधिक. नुकसानभरपाईची वसुली ही किरकोळ शिक्षा गणली जाते, तिच्यासाठी नियम 10 ची संक्षिप्त रीत आहे, आणि साधारणतः दोषारोपांची माहिती देऊन लेखी निवेदन मागवले की ती पुरी होते. परंतु ‘किरकोळ’ हे नाव शिक्षेच्या वर्गाचे आहे; हजारोंची वसुली पगारातून कापली जाणाऱ्या घरात तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही. ओ. के. भारद्वाज यांच्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात असे म्हटले आहे की, आरोप वस्तुस्थितीविषयी असेल आणि कर्मचारी तो नाकारत असेल, तर किरकोळ शिक्षेसाठीही चौकशी करावी लागते. थुटे किती, कधीची आणि कोणाच्या कारकिर्दीतली, याहून अधिक वस्तुस्थितीविषयक वाद कोणता असणार? पथकाचा तक्ता नाकारला गेला असताना केवळ निवेदन ‘समाधानकारक नाही’ असा शेरा मारून निघालेला वसुलीचा हुकूम आमच्या मते कायद्यात टिकणारा नाही.

कर्मचाऱ्यांना आमचे सांगणे असे की, पथकाने पाठीमागे तपासणी केली या मुद्द्यावर त्यांनी वेळ दवडू नये. दोषारोपपत्र हाती पडताच तिसरे आणि चौथे जोडपत्र शेजारी ठेवून, प्रत्येक दस्तऐवज सिद्ध करणारा माणूस साक्षीदारांत आहे की नाही ते पाहावे. जबान्यांच्या प्रती लेखी मागाव्यात आणि थुटांची संयुक्त फेरमोजणी पहिल्याच निवेदनात मागावी, कारण एक पावसाळा गेला की फुटव्यांवरून काळ ठरवणे अवघड होऊन बसते. चंद्रपूर आणि गडचिरोली वनवृत्तांच्या मुख्य वनसंरक्षकांना आमची विनंती आहे की, प्राथमिक चौकशीतील सर्व जबान्यांच्या प्रती दोषारोपपत्रासोबतच द्याव्यात, मोजणी करणाऱ्याचे नाव साक्षीदारांच्या यादीत असल्याशिवाय दोषारोपपत्रावर सही होऊ नये, आणि फेरमोजणीची मागणी पंधरा दिवसांत निकालात काढावी, अशा आशयाचे एक परिपत्रक त्यांनी येत्या तोडीच्या हंगामापूर्वी काढावे.