चांद्ररात्र आणि बॅटरीचे वजन

सप्टेंबर २०२३ मध्ये विक्रम आणि प्रज्ञान झोपेतून उठले नाहीत, तेव्हा अनेकांनी त्याला अपयश म्हटले. हा शब्द अन्याय्य आहे, कारण दोघांची रचनाच एका चांद्रदिवसापुरती होती.

खरी अडचण रात्रीची. चंद्रावर हवा नसल्याने तापमान सावरणारे काही नसते. उपकरणातील उष्णता प्रारणाने अवकाशात निघून जाते आणि पारा शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे उतरतो. तेथे लिथियम-आयन बॅटरीतील द्रव गोठतो. पहाटे सौरपट्ट्या जाग्या झाल्या, तरी थंड बॅटरीत घाईने प्रभार भरल्यास लिथियम धातूरूपात ऋणाग्रावर साचतो व घट कायमचा बिघडतो.

मग मोठी बॅटरी का नको? केवळ दहा वॉटचा हीटर चौदा दिवस, म्हणजे ३३६ तास चालवायला ३३६० वॉट-तास लागतात. किलोमागे १५० वॉट-तास धरले, तर बॅटरीच बावीस किलोंची. अख्खा प्रज्ञान सव्वीस किलोंचा!

म्हणून पुढील मोहिमांनी बॅटरी वाढवण्यापेक्षा किरणोत्सारी ऊष्मक न्यावेत. रशियाच्या लुनोखोदने १९७० मध्येच पोलोनियमच्या उष्णतेवर रात्री काढल्या होत्या.