सहसंबंध ०.९९ आहे म्हणून तुमचा ग्लुकोमीटर बरोबर, असं कुणी सांगितलं?

गेल्या काही महिन्यांत मला एकाच प्रकारचे स्क्रीनशॉट येतात. घरच्या ग्लुकोमीटरची जाहिरात, त्यात ठिपक्यांचा आलेख. आडव्या अक्षावर लॅबमधली साखर, उभ्या अक्षावर मीटरची साखर, ठिपक्यांमधून गेलेली एक तिरकी रेघ आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत r = 0.99. खाली प्रश्न: "डॉक्टर, हा घेऊ ना? सगळे ठिपके रेघेवरच आहेत. एकदोन बाहेर आहेत, पण तेवढं चालतं."

नाही, तेवढं चालत नाही. आणि रेघेवरचे ठिपके पाहूनही मीटर चांगला ठरत नाही. हा आलेख तुम्हाला भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो आहे.

सहसंबंध, म्हणजे तो r, एवढंच सांगतो की एक आकडा वाढला की दुसराही एका सरळ रेषेत वाढतो का. दोन्ही आकडे *सारखे* आहेत का, हे तो सांगतच नाही. समजा, एका मीटरवर दहा जणांची साखर मोजली. लॅबचे आकडे ६२, ८८, १०४, १२६, १४८, १७५, २१०, २४८, २९६, ३४०. मीटरचे त्याच क्रमाने ७५, १०६, १२५, १५०, १७८, २१०, २५२, २९८, ३५५, ४०८. आलेख काढलात तर ठिपके सुतात ओवल्यासारखे दिसतील आणि r जवळजवळ १ येईल. पण आकडे पुन्हा वाचा. हा मीटर प्रत्येक वेळी साधारण वीस टक्के जास्त दाखवतो आहे. घरच्या मीटरसाठीचा आयएसओ १५१९७ हा मानदंड (२०१३ ची आवृत्ती) म्हणतो की लॅबची साखर १०० च्या खाली असेल तर फरक १५ अंकांच्या आत आणि १०० किंवा वर असेल तर १५ टक्क्यांच्या आत हवा, आणि निदान ९५ टक्के नोंदींमध्ये तसा हवा. आपल्या दहापैकी फक्त पहिली नोंद यात बसते. नऊ नापास, तरी सहसंबंध उत्तम! १७५ च्या जागी २१० वाचून तुम्ही इन्सुलिनचे युनिट वाढवाल, ते या r ला दिसणार नाही.

ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. तरीही आमच्या परिषदांत आजही अशा स्लाइड दाखवल्या जातात आणि आम्ही डॉक्टर माना डोलावतो, हेही इथे कबूल करतो.

मग स्क्रीनशॉट पाहायचा कसा? आधी अक्षांवरचे आकडे शोधा. ते कापलेले असतील तर पुढे पाहू नका. असतील तर आडव्या अक्षावरचे १०० आणि उभ्या अक्षावरचे १०० जिथे भेटतात तो बिंदू घ्या, तसाच ३०० चा घ्या आणि कागदाची कड दोन्हींवर ठेवा. ही समानतेची रेघ. जाहिरातीत काढलेली रेघ बहुतेक वेळा ही नसते, ती ठिपक्यांनाच जुळवून काढलेली असते, त्यामुळे ठिपके तिच्यावर येणारच. आपल्या उदाहरणात सगळे ठिपके तुमच्या कागदाच्या कडेच्या वर राहतील.

नंतर एक उभी पट्टी निवडा, लॅबची साखर १०० च्या आसपासची. त्या पट्टीत मीटरचे आकडे कुठून कुठवर पसरले आहेत? ९० ते ११० की ७५ ते १३०? संबंध तुमच्या उपयोगाचा आहे का, हे या उभ्या पसाऱ्यावरून कळतं, पूर्ण आलेखाच्या लांबट आकारावरून नाही. ६० पासून ४०० पर्यंतचे रुग्ण घेतले की दहाएक अंकांची चूक त्या लांबीत हरवते आणि r ०.९९ येतो. तोच मीटर, तेवढीच चूक, पण माणसं ९० ते १२० मधलीच घ्या, r साधारण ०.६५ वर घसरेल. मीटर बिघडला नाही, फक्त माणसं बदलली. शिवाय मोबाइलवर सहा सेंटिमीटर उंचीच्या आलेखात ० ते ४०० बसवले तर १५ अंक म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. ठिपकाच तेवढा जाड असतो!

आता त्या बाहेरच्या ठिपक्यांकडे. वरच्या दहा नोंदींत एक अकरावी घाला: लॅब ५४, मीटर ११८. आता r किती पडेल? मी हिशेब केला, तो अजूनही ०.९९ आहे. ७० च्या खालची साखर म्हणजे हायपो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजींना घाम सुटला आहे, हात थरथरत आहेत, मुलगा मीटर लावतो, ११८ दिसतात आणि तो म्हणतो, "साखर ठीक आहे, जरा पडून राहा." त्या आजी म्हणजे हाच ठिपका. तुम्ही ज्याला "तेवढं चालतं" म्हणालात तो.

पण बाहेरचा ठिपका दिसला की मीटरच खोटा, असंही मी म्हणणार नाही. आंबा कापलेल्या हाताने बोट टोचलं तर मीटर खूप जास्त दाखवतो. ॲनिमिया असेल तर अनेक मीटर जास्त दाखवतात. पट्ट्यांची डबी उघडी राहिली असेल तर त्या खराब होतात. आणि कधी चूक लॅबच्या बाजूची असते: साध्या नळीतलं रक्त तसंच ठेवलं तर रक्तपेशी साखर खात राहतात आणि ती तासाला पाच ते सात टक्के उतरते. म्हणून हा ठिपका खोडायचा नसतो, त्याचं कारण शोधायचं असतं. कारण सापडलं तर ते लिहून ठेवायचं, नाही सापडलं तर ठिपका मीटरच्या खात्यावर राहतो. ज्या आलेखातून असे ठिपके न सांगता गाळले आहेत तो सगळ्यात देखणा दिसतो, आणि स्क्रीनशॉटवरून ते कळायला काही मार्ग नाही.

तुमच्या घरच्या मीटरचं बोलायचं तर पुढच्या वेळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाल तेव्हा तो बरोबर न्या. जेवणानंतर नको, तेव्हा बोटाच्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच जास्त असते. हात साबणाने धुऊन कोरडे करा, शिरेतून रक्त काढताच बोट टोचा, आकडा लिहा. नळी राखाडी झाकणाची आहे का, ते विचारा. चार-पाच वेळा असं केलंत की प्रत्येक जोडीची वजाबाकी करा आणि तो कागद मला दाखवा. आलेख काढू नका.